मशीन बसलं, शेड झालं, पण धोरण किती सरकलं? शेतकरी कंपनीसाठी स्कोअरकार्ड आणि निर्देशक कसे बांधायचे

वऱ्हाडातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे प्रगती अहवाल वाचायचं काम माझ्याकडे नेहमी येतं. बहुतेकांत मजकूर एकच असतो: शेड पूर्ण, ग्रेडिंग मशीन बसवलं, बारा प्रशिक्षणं झाली, सभासद सहाशे. वाचून झालं की मी एक प्रश्न विचारतो. तुमच्याच सभासदांनी पिकवलेल्या सोयाबीनपैकी किती तुमच्या काट्यावर आलं? पुष्कळदा व्यवस्थापक रजिस्टर चाळायला लागतो आणि अध्यक्ष बाहेर चहा सांगायला जातात.

शेड, मशीन आणि प्रशिक्षणं ही प्रकल्पात काय केलं त्याची यादी झाली. त्यातून काय झालं आणि जे झालं त्यामुळे कंपनी ज्यासाठी काढली ते जवळ आलं का, हे त्या यादीत कुठेच नसतं. बॅलन्स्ड स्कोअरकार्ड, म्हणजे धोरण आणि त्याचे निर्देशक एकत्र मांडणारा तक्ता, नेमकं हेच जोडतं. पण सगळे ते उलट्या बाजूने करायला घेतात. आधी वीस-पंचवीस निर्देशक गोळा करतात, ते चार कप्प्यांत वाटतात आणि शेवटी वर धोरण लिहितात. खाली दिलेला क्रम त्याच्या उलट आहे आणि तो मोडू नका.

समजायला सोपं जावं म्हणून एक कंपनी धरू. वाशीम जिल्ह्यातली, अकरा गावांची, ६०० सभासदांची. पीक सोयाबीन. प्रकल्प म्हणजे साफसफाई-प्रतवारीचं मशीन आणि शेड. आकडे हिशोब कळावा म्हणून ठोकळ घेतलेत, तिथे तुमचे घाला.

## सुरुवात करण्याआधी: ऑगस्टमध्ये काय जवळ हवं

हे काम दिवाळीनंतर सुरू केलं तर हंगाम हातचा जातो. सोयाबीनची सोंगणी सप्टेंबरच्या शेवटी लागते, म्हणून ऑगस्टमध्येच बसा. चार गोष्टी टेबलावर हव्यात.

मागच्या हंगामाची काटा पावती पुस्तकं, सगळी, फाटकी असली तरी. त्याच काळाचं बँकेचं स्टेटमेंट. खरेदीदाराकडून आलेल्या गाडीवार हिशोबपट्ट्या, म्हणजे किती माल गेला, ओलावा-मातेऱ्यापोटी किती कट लागला आणि पैसे कधी आले. आणि सभासदांची यादी, प्रत्येकापुढे त्याचं सोयाबीनचं क्षेत्र. हे क्षेत्र ई-पीक पाहणीतून किंवा गावातल्या संचालकाकडून मिळतं.

तपासा: कुठल्याही दहा काटा पावत्या उचला आणि त्यांचे पैसे बँक स्टेटमेंटमध्ये कोणत्या तारखेला गेले ते शोधा. दहापैकी आठ सापडल्या तर पुढे चला. सापडत नसतील तर आधी पावती क्रमांक आणि बँकेची नोंद जुळवायची शिस्त लावा, कारण पुढचे निम्मे निर्देशक यावरच उभे आहेत.

## टप्पा १: धोरण एका वाक्यात, आणि त्यात एक नकारही

‘शेतकऱ्यांचा सर्वांगीण विकास’ हे धोरण होत नाही. त्यातून काहीच वगळलं जात नाही, म्हणून त्यातून काही मोजताही येत नाही. धोरण म्हणजे कोणाचं काय, कोणत्या मार्गाने करणार आणि काय करणार नाही.

आपल्या उदाहरणातल्या कंपनीचं वाक्य असं: ‘सभासदांचं सोयाबीन गावातच घेऊन, साफ करून, एकसारख्या लॉटने थेट प्रक्रिया कारखान्याला विकायचं, बाहेरच्या व्यापाऱ्यांचा माल घेऊन उलाढाल फुगवायची नाही.’

दुसरा अर्धा भाग लिहिताना संचालकांत वाद होतो. होऊ द्या. बाहेरचा माल घेतला की मशीन भरून चालतं, उलाढाल दिसते, अहवाल चांगला जातो. पण सभासदाचा माल तसाच अडत्याकडे जात राहतो. हा वाद आत्ता मिटला नाही तर उलाढालीचा निर्देशक पुढे सगळं झाकून टाकेल.

## टप्पा २: जो येत नाही त्याला विचारा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि माझ्या मते बाकी सगळं मिळून याच्याइतकं मोलाचं नाही. संचालक खोलीत बसून ठरवतात की सभासद आपल्याला माल देत नाही कारण भाव कमी पडतो. मग भाव वाढवायला मशीन हवं, मशीनला प्रकल्प हवा. साखळी तयार, पण पहिली कडी कोणी तपासलेलीच नसते.

मागच्या वर्षी ज्यांनी कंपनीला माल दिला नाही अशा तीसेक सभासदांकडे जा. वेगवेगळ्या गावांतले घ्या, संचालकांचे भाऊबंद नकोत. तीनच प्रश्न: माल कुठे विकला, पैसे कधी मिळाले, त्या दिवशी पैसे कशाला हवे होते. तिसरा प्रश्न विसरू नका.

एका गावात धुऱ्यावर बसलेल्या एका काकांनी मला सांगितलं होतं, ‘भाऊ, तुमचा भाव पन्नास रुपयानं जास्त हाय, मान्य. पण सोंगणीवाल्या बायाईचे पैसे आज संध्याकाळी द्या लागते. तुमचे पन्नास रुपये मी दहा दिवसानं घेऊन काय करू?’ मी तोपर्यंत भावाचेच तक्ते करत होतो.

सोंगणीची मजुरी, मळणीयंत्राचं भाडं, दिवाळी आणि लगेच हरभऱ्याची पेरणी, हे सगळं त्याच तीन-चार आठवड्यांत येतं. अडत्याकडे कट जास्त लागतो, तोलाई-हमाली जाते, पण रोख हातात पडते. म्हणजे आपली खरी स्पर्धा भावाशी नसून चुकाऱ्याच्या वेगाशी असू शकते. तुमच्याकडे कारण वेगळं निघेल, कदाचित काट्यावरचा अविश्वास, कदाचित वाहतूक. जे निघेल ते लिहा.

सावध: हे प्रश्न कंपनीच्या व्यवस्थापकाने स्वतः विचारले तर लोक गोड उत्तरं देतात. दुसऱ्या गावचा कोणी, किंवा बचत गटातली एखादी ताई बरी.

## टप्पा ३: चार कप्पे, आणि त्यातून वर जाणारी साखळी

स्कोअरकार्डचे चार कप्पे ठरलेले आहेत: आर्थिक, ग्राहक, अंतर्गत कामकाज, शिकणं आणि क्षमता. शेतकरी कंपनीत ‘ग्राहक’ या कप्प्यापाशी गोंधळ होतो. हा साचा मोठ्या कंपन्यांसाठी तयार झाला, तिथे मालक वेगळा आणि ग्राहक वेगळा. आपल्याकडे सभासद मालकही आहे आणि माल देणाराही, पैसे देणारा ग्राहक मात्र कारखाना आहे. म्हणून हा कप्पा मधोमध रेघ मारून दोन भागांत करा: सभासद आणि खरेदीदार. एकत्र ठेवलात तर ‘ग्राहक समाधान’ असा एक पोकळ निर्देशक येतो आणि तो कोणाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

आता खालून वर साखळी मांडा. प्रत्येक बाणावर ‘म्हणून’ हा शब्द बसला पाहिजे. आपल्या कंपनीची साखळी अशी होते:

गावकेंद्रावरच्या माणसाला ओलावा आणि मातेरं अचूक मोजता येतं, म्हणून काट्यावरच योग्य दर ठरतो आणि मशीनमधून एकसारखा माल निघतो, म्हणून कारखाना गाडी कट न लावता उतरवून घेतो आणि वेळेवर पैसे देतो, म्हणून सभासदाचा चुकारा तीन दिवसांत होतो, म्हणून जास्त सभासद माल देतात, म्हणून कंपनीचा स्थिर खर्च निघतो.

ही साखळी म्हणजे एक अंदाज आहे, सत्य नव्हे. हंगाम संपल्यावर ती खरी ठरली का ते तपासायचं आहे, म्हणून ती कागदावर जशीच्या तशी ठेवा.

तपासा: साखळी मोठ्याने वाचा. एखादा ‘म्हणून’ घशात अडकला तर तिथे कडी सुटली आहे. वरच्या साखळीत मला एक अडकतो: कारखान्याने पैसे ‘वेळेवर’ दिले तरी ते दहाव्या दिवशी येतात, मग सभासदाला तिसऱ्या दिवशी कुठून देणार? या प्रश्नाकडे टप्पा ६ मध्ये येऊ, कारण प्रकल्प इथेच चुकला आहे.

## टप्पा ४: निर्देशक निवडा, आणि प्रत्येकाचं कार्ड लिहा

एका कप्प्यात फार तर दोन. एकूण सहा-सात पुरे. व्यवस्थापक एक, लेखनिक एक, बाकी सगळे शेतात. त्यांच्याकडून वीस आकडे दर आठवड्याला येणार नाहीत आणि आले तर बनवलेले असतील. आपल्या कंपनीचे पाच महत्त्वाचे घेऊ.

आर्थिक: खरेदीच्या दर क्विंटलमागे उरलेले रुपये. इथे जी चूक होते ती नीट बघा. कंपनी ४,३०० रुपये क्विंटलने घेते आणि ४,५३० ने विकते. फरक २३०. बारदाना २५, हमाली ३०, वाहतूक ६०, वीज आणि ऑपरेटर २०, असे १३५ गेले. उरले ९५. अहवालात हेच ९५ जातात. पण मशीनमधून १०० किलोचे ९८ किलो निघाले, दोन किलो मातेरं आणि काडीकचरा. विक्री ९८ किलोची झाली, म्हणजे ४,४३९ रुपये. त्यातून ४,३०० आणि १३५ वजा करा. उरतात जेमतेम ४ रुपये.

म्हणून भागाकार नेहमी *खरेदीच्या* क्विंटलने करायचा, विक्रीच्या नाही. उपाय त्याच हिशोबात दिसतो: ४,३०० हा साफ मालाचा दर ठेवायचा, काट्यावर नमुना काढून मातेरं मोजायचं आणि तेवढ्या वजनाचे पैसे धरायचे नाहीत. दोन टक्के मातेऱ्याला क्विंटलमागे ८६ रुपये वाचतात आणि शिल्लक ९० वर जाते. हे सभासदाला गोड लागणार नाही. नमुना त्याच्यासमोर काढा, चाळणी त्याच्यासमोर मारा, जो स्वच्छ माल आणतो त्याला पूर्ण ४,३०० द्या.

सभासद: पिकलेल्यापैकी आलेला वाटा. ६०० सभासद, सरासरी ३ एकर, एकरी ६ क्विंटल, म्हणजे १०,८०० क्विंटल पिकलं. मागच्या वर्षी काट्यावर २,१६० आलं. वाटा २० टक्के. नुसते क्विंटल मोजू नका. ऑक्टोबरच्या पावसाने एकरी चारच क्विंटल झालं तर काट्यावर कमी माल येईल आणि तुम्ही उगाच स्वतःला दोष द्याल. पीक चांगलं आलं तर काही न करता आकडा वाढेल. छेदात पीक असलं की हे दोन्ही धोके जातात. एकरी उतारा दर हंगामात तीस-चाळीस सभासदांना विचारून नव्याने घ्या.

सभासद: तीन दिवसांत पूर्ण चुकारा झालेल्या पावत्यांची टक्केवारी. सरासरी दिवस मोजू नका. मागच्या वर्षीच्या शंभर पावत्यांपैकी ६० चे पैसे दोन दिवसांत गेले आणि ४० चे बारा दिवसांत. सरासरी येते ६ दिवस. ऐकायला ठीक वाटतं, पण सहा दिवसांत पैसे मिळालेला सभासद एकही नाही, आणि जे ४० जण बारा दिवस थांबले ते पुढच्या वर्षी पारावर बसून सगळ्या गावाला सांगतात.

खरेदीदार आणि कामकाज: पहिल्याच तपासणीत कट न लावता उतरलेल्या गाड्या. सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा साधारण १२ टक्के धरतात. इथे बरेच जण ‘मशीनची ताशी क्विंटल क्षमता’ हा निर्देशक ठेवतात. तो ठेवलात की ऑपरेटर माल सोडायची झडप जास्त उघडतो, जाळीवर थर जाड बसतो, मातेरं दाण्याबरोबरच खाली येतं आणि ताशी आकडा मात्र झकास दिसतो. माणूस वाईट नसतो, निर्देशक वाईट असतो.

शिकणं: केंद्राच्या मोजणीतला फरक. ‘किती प्रशिक्षणं झाली’ हे नको. त्याऐवजी एकच नमुना दोन भागांत करून केंद्रावरच्या माणसाला आणि मुख्य शेडमधल्या माणसाला द्या, एकमेकांना न सांगता. ओलाव्याच्या आकड्यांत अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक आला तर ते केंद्र कच्चं. अकरापैकी किती केंद्रं पक्की, हा निर्देशक. फरक आला की आधी मॉइश्चर मीटर तपासा, माणसाला नंतर बोला.

आता प्रत्येकाचं कार्ड. चुकाऱ्याचं नमुन्यादाखल देतो:

- काय मोजायचं: काट्याच्या तारखेपासून तीन दिवसांत *पूर्ण* रक्कम खात्यात जमा झालेल्या पावत्या, भागिले सगळ्या पावत्या.
- दिवस: कॅलेंडरचे, सुट्टीसह. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, त्यामुळे रविवारचं कारण धरायचं नाही.
- अर्धी रक्कम दिली तर चुकारा झाला असं धरायचं नाही.
- नोंद कुठून: काटा पावती आणि बँक स्टेटमेंट. व्यवस्थापकाच्या तोंडून नाही.
- कोण काढणार: लेखनिक, दर सोमवारी, मागच्या गुरुवारपर्यंतच्या पावत्यांवर. त्यानंतरच्या पावत्यांना अजून तीन दिवस पुरते झालेले नसतात.
- लाल कधी: ७५ टक्क्यांच्या खाली.

एक्सेलमध्ये हे काढताना एक फसगत होते. काट्याची तारीख `D` मध्ये, जमा झाल्याची तारीख `E` मध्ये, आणि `F` मध्ये दिवस असं धरा. नुसतं `=E2-D2` लिहिलं आणि पैसे अजून दिलेच नसतील तर `E` रिकामा राहतो. उत्तर मोठं ऋण येतं. ऋण आकडा तीनपेक्षा लहानच, म्हणून न दिलेल्या पावत्या ‘वेळेवर दिल्या’त मोजल्या जातात. असं लिहा:

```
F2:  =IF(E2="","",E2-D2)
टक्केवारी:  =COUNTIF(F2:F500,"<=3")/COUNTA(A2:A500)
```

`A` मध्ये पावती क्रमांक आहे, त्यामुळे छेदात न दिलेल्या पावत्याही येतात. पत्रकात फक्त गुरुवारपर्यंतच्याच पावत्या ठेवा.

तपासा: व्यवस्थापक आणि लेखनिक यांना वेगवेगळं बसवून मागच्या हंगामाचा हाच आकडा काढायला सांगा. दोघांची उत्तरं वेगळी आली तर कार्डातली व्याख्या ढिली आहे.

## टप्पा ५: उद्दिष्ट खर्चातून काढा, मागच्या वर्षावर दहा टक्के चढवून नाही

कंपनीचा हंगामाचा स्थिर खर्च, म्हणजे पगार, कर्जाचा हप्ता, वीजजोडणीचा स्थिर आकार, लेखापरीक्षण, समजा ३,६०,००० रुपये. दर क्विंटलमागे ९० उरले तर हा खर्च निघायला ४,००० क्विंटल लागतात. १०,८०० पैकी ४,००० म्हणजे ३७ टक्के. हे उद्दिष्ट हवेतून आलेलं नाही. या वाट्याखाली कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहत नाही.

पण २० वरून ३७ एका हंगामात होत नाही. यंदा २८, पुढच्या वर्षी ३७ अशी पायरी ठेवा. मग यंदाचा हिशोबही आत्ताच मांडा: २८ टक्के म्हणजे ३,०२४ क्विंटल, त्यातून २,७२,१६० रुपये, म्हणजे ८७,८४० ची तूट. ही तूट ऑगस्टमध्ये संचालक मंडळाच्या ठरावात लिहून घ्या आणि भरून कशी काढणार तेही लिहा. मार्चमध्ये समजली तर तोट्याचं खापर स्कोअरकार्डावर फुटतं आणि लोक पुन्हा व्यापाऱ्यांचा माल घ्यायला लागतात.

सावध: ९० रुपये आणि २८ टक्के ही दोन उद्दिष्टं एकमेकांना ओढतात. मातेरं कडक मोजलं की शिल्लक वाढते, पण सभासद बिचकतो. म्हणून दोन्ही आकडे एकाच पानावर शेजारी ठेवा. एकट्या व्यवस्थापकाला एकाच आकड्यावर बक्षीस देऊ नका.

## टप्पा ६: आता प्रकल्प तपासा

इथवर प्रकल्पाचं नाव कमीच आलं, ते मुद्दाम. आता डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, उघडा आणि प्रत्येक खर्चापुढे लिहा: यामुळे कोणता निर्देशक, कितीवरून किती, कधीपर्यंत हलणार.

मशीनपुढे आपण लिहू: कट न लागलेल्या गाड्या वाढतील. बरोबर. शेडपुढे: पावसात माल भिजणार नाही, ओलावा आटोक्यात राहील. बरोबर. आता चुकाऱ्याचा निर्देशक घ्या. ६० वरून ९० टक्क्यांवर तो कोण नेणार? डीपीआरमधल्या एकाही ओळीने तो हलत नाही. आणि टप्पा २ मध्ये सभासदाने न येण्याचं कारण तेच सांगितलं होतं.

किती पैसा लागेल ते काढू. ऐन हंगामात दिवसाला १२० क्विंटल येतं. ४,३०० च्या दराने रोजचे ५,१६,००० रुपये. आपण तिसऱ्या दिवशी देणार, कारखान्याचे पैसे दहाव्या दिवशी येणार. मधले सात दिवस स्वतःच्या खिशातून भरायचे, म्हणजे सुमारे ३६ लाख रुपये खेळतं भांडवल. ते असेल तर साखळी चालते. निम्मंच असेल, १८ लाख, तर दिवसाला ६० क्विंटलच घ्या आणि गावांना वार वाटून द्या. जास्त घेऊन चुकारा लांबवण्यापेक्षा कमी घेऊन वेळेवर देणं बरं, कारण निर्देशक पावत्यांचा आहे, क्विंटलांचा नाही, आणि सभासदाची आठवणही पावतीचीच असते.

म्हणजे प्रकल्पात बदल करावा लागतो: बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, गोदाम पावतीवरचं कर्ज, किंवा कारखान्याशी लवकर पैशाचा करार. कारखान्याने दहाऐवजी सहाव्या दिवशी पैसे द्यायचं कबूल केलं तर सातऐवजी तीनच दिवस भरायचे राहतात आणि गरज साडेपंधरा लाखांवर येते. त्यासाठी क्विंटलमागे पाच-दहा रुपये सोडावे लागले तरी व्याजाशी ताडून बघा.

सावध: थ्री फेज जोडणीचा अर्ज मशीनची ऑर्डर देण्याआधी करा. मशीन आलं, लाइन आली नाही, आणि पहिली चाचणी हंगाम उलटल्यावर झाली, असं झालं की ‘मशीन बसवलं’ या रकान्यात खूण होते आणि बाकी सगळे निर्देशक जागच्या जागी राहतात. मागच्या वर्षीचं दहा पोती सोयाबीन बाजूला ठेवून सप्टेंबरच्या सुरुवातीलाच चाचणी घ्या.

## टप्पा ७: हंगामातला आढावा

ऑक्टोबर ते डिसेंबर, दर सोमवारी, वीस मिनिटं, उभ्याने केला तरी चालेल. तीनच आकडे: चुकारा, कट न लागलेल्या गाड्या, पक्की केंद्रं. हे पुढचं सांगतात. वाटा आणि शिल्लक झालेलं सांगतात, ते महिन्यातून एकदा पुरे.

आकडा लाल झाला तर काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं. चुकारा ७५ च्या खाली गेला तर त्या आठवड्यात नवी खरेदी थांबवायची, हा निर्णय ऑगस्टमध्ये घेतलेला असतो. नोव्हेंबरमध्ये ट्रॅक्टर दारात उभे असताना तो कोणी घेत नाही. पाच संचालकांचे स्वतःचे ट्रॅक्टर रांगेत असतील तर विचारूच नका.

लाल आकड्यावर कोणाला झापू नका. एकदा झापलं की पुढच्या सोमवारी पावतीवर काट्याची तारीख उशिराची पडायला लागते. ते पकडायचं असेल तर महिन्यातून दोनदा चार-पाच सभासदांना फोन करून त्यांनी माल कोणत्या दिवशी घातला ते विचारा आणि पावतीशी जुळवा.

## टप्पा ८: जानेवारीत साखळीचा हिशोब

आता ऑगस्टचा कागद काढा आणि प्रत्येक ‘म्हणून’ तपासा. चार शक्यता असतात, पण कामाच्या दोनच.

चुकारा ९० वर गेला आणि वाटा २० वरून २८ झाला: साखळी टिकली, पुढच्या पायरीची तयारी करा.

चुकारा ९० वर गेला आणि वाटा २० वरच राहिला: काम चोख झालं, पण अंदाज चुकला. इथे व्यवस्थापकाला धरू नका. आधी बाहेरचं कारण बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. बाजार त्यापेक्षा बराच खाली असेल आणि जवळ सरकारी खरेदी केंद्र उघडलं असेल तर सभासद तिकडे जाणारच, आणि त्याने जावं. अशा वेळी माल न दिलेल्या सभासदांनी तो कुठे विकला ते पाहून, सरकारी केंद्रावर गेलेला माल छेदातून वजा करून वाटा पुन्हा काढा. मूळ आकडाही शेजारी ठेवा, नाहीतर पुढे कोणीतरी ही सवलत दरवर्षी घेईल. तरीही वाटा हलला नसेल तर टप्पा २ कडे परत जा आणि पुन्हा तीस घरं फिरा.

व्याख्या मात्र दोन हंगाम बदलू नका. तीन दिवसांचे चार केले, छेदातून ‘निष्क्रिय सभासद’ काढून टाकले, की आकडा सुधारतो आणि मागच्या वर्षाशी तुलना संपते. व्याख्या बदलायचीच असेल तर मागच्या वर्षाचा आकडाही नव्या व्याख्येने काढून सभेसमोर दोन्ही ठेवा. काटा पावत्या आणि स्टेटमेंट जपून ठेवले असतील तर लेखनिकाचं ते एका दिवसाचं काम आहे.